खोडावरची वाहतूक

जास्वंदीच्या शेंड्यावर मावा दिसला की घरातली माणसं शेंड्याकडे बघतात. मी खोडाकडे बघते. खोडावर मुंग्यांची ये-जा असेल, तर फवारणीचा विषय मी तेवढ्यापुरता बाजूला ठेवते. मुंग्या जागेवर असताना मारलेला मावा परत येतो, आणि आधीपेक्षा निर्धास्त होऊन येतो, कारण त्याला खाणारे किडेही त्याच फवाऱ्यात गेलेले असतात. दिवाळीच्या आसपास मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच असतो, आणि त्याचं निम्मं उत्तर जमिनीपासून वीतभर उंचीवर असतं.

पाऊस ओसरला की जास्वंद आणि कढीपत्ता दोन्ही नव्याने फुटतात. पावसाळ्यात जोरदार सरींनी मावा धुऊन जातो. आता तो टिकतो. पुढे थंडीतली गार, मधूनच ढगाळ हवा त्याला मानवते आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत त्याचं बरं चालतं. या काळात मादीला नराची गरज लागत नाही. ती थेट जिवंत पिल्लं घालते, आठवड्याभरात ती पिल्लं स्वतः प्रसवू लागतात, आणि शेंडा भरला की त्यांतल्या काहींना पंख फुटून ती दुसऱ्या झाडावर जातात.

नवी मुंबईत हे बघायला तळवलीसारखी जागा नाही. घणसोलीला लागून असलेलं हे जुनं गाव. १९७० साली सिडको आली, भोवतालची शेतं गेली, गावठाण राहिलं. घरांवर मजले चढले, दोन घरांमधली वाट माणूसभर रुंदीची उरली, तरी दारातली तुळस, गणपतीच्या फुलांसाठी लाल जास्वंद आणि मोरीच्या पाण्यावर वाढणारा कढीपत्ता या तीन गोष्टी बहुतेक ओट्यांपाशी अजून आहेत. झाडं मातीत आहेत आणि भिंती, ग्रिल, वायरी त्यांना चिकटून आहेत. मुंग्यांना याहून सोयीची रचना मिळणं कठीण.

अशाच एका अंगणातली गोष्ट सांगते. घरच्या काकींनी मला झाड दाखवण्याआधी औषधाची बाटली दाखवली. एका रोपवाटिकेतून आणलेली, आंतरप्रवाही कीटकनाशकाची. म्हणजे झाड ते शोषून घेतं आणि रसातून पानापानात पोचवतं. "बाय, मारलं की आठ दिवस बरं असतं, मग पुन्हा तेच," त्या म्हणाल्या. जास्वंदीचं एक वेळ ठीक. पण तीच बाटली कढीपत्त्यावरही मारून झाली होती, आणि त्याची पानं रोज फोडणीत पडत होती. आंतरप्रवाही औषध पान धुतल्याने जात नाही, ते पानाच्या आतच असतं. भारतातून येणाऱ्या कढीपत्त्याची कीटकनाशकांसाठी युरोपीय संघाने वाढीव तपासणी लावलेली आहे; आपल्या मोरीजवळच्या झाडाला तसा तपासनीस नसतो. तो कढीपत्ता खुडणं मी त्यांना पहिल्यांदा बंद करायला सांगितलं, आणि जुनी पानं छाटून नवी फूट आल्यावरच तोडा म्हटलं.

मग दोन्ही झाडं नीट पाहिली. जास्वंद ही भेंडी आणि कपाशीच्या कुळातली, आणि तिच्यावरचा मावाही बहुधा कपाशीवरचाच असतो, एफिस गॉसिपी. रंग पिवळट हिरव्यापासून गडद हिरव्यापर्यंत कोणताही. कढीपत्ता मात्र लिंबाच्या कुळातला. त्याच्या कोवळ्या पानांखाली जो चकचकीत काळा-तपकिरी मावा होता, तो लिंबू-संत्र्यावर येणारा काळा मावा, टॉक्सोप्टेरा ऑरँटी. याची एक गंमत आहे. हा मावा मागचे पाय पोटाखाली घासून आवाज काढतो, आणि वसाहत मोठी असेल तर फांदी हलवल्यावर दीड फुटावरूनही ती करकर ऐकू येते. काकींच्या नातवाला हे ऐकवल्यावर त्याने तेवढ्यासाठी सगळ्या फांद्या हलवून पाहिल्या.

कढीपत्त्यावर आणखी एक किडा असतो आणि लोक त्यालाही मावाच म्हणतात: सायला. त्याची पिल्लं चपटी, पिवळसर नारिंगी, आणि त्यांच्या मागून पांढरे मेणचट धागे लोंबतात. मोठा किडा पानावर शेपूट वर करून तिरका बसतो. जास्वंदीवरचं पांढरं कापसासारखं दिसतं, ते पिठ्या ढेकूण. मुंग्या या तिघांच्याही मागे असतात, त्यामुळे पुढे जे सांगणार आहे ते तिघांनाही लागू आहे. फक्त पिठ्या ढेकणावर मेणाचं आवरण असल्याने साबणाचं पाणी त्याला कमी लागतं. तिथे तो शेंडा कापून पिशवीत बांधून टाकणं सोपं.

आता मुंग्या. माव्याला मुंग्यांच्या गाई म्हणायची पद्धत आहे. उपमा गोड आहे, पण तिच्यामुळे एक गैरसमज होतो की मुंगी माव्याकडून काही काढून घेते. मावा झाडाच्या शिरांमधला रस पितो. त्या रसात साखर भरपूर, पण शरीर बांधायला लागणारी अमिनो आम्लं अगदी थोडी. काही त्याच्या शरीरातले जिवाणू बनवून देतात, तरीही पुरेशी मिळवायला त्याला रस सतत प्यावाच लागतो आणि नको असलेली साखर मागून सोडावीच लागते. शेतकरी ज्याला चिकटा म्हणतात तो हाच. मुंगी नसेल तर मावा तो थेंब पायाने उडवून देतो, नाहीतर स्वतःच त्यात चिकटून मरेल. मुंगी असेल तर गोष्ट बदलते. ती मिशांनी माव्याच्या पोटावर हलके टिचक्या मारते, मावा थेंब बाहेर आणून तसाच धरून ठेवतो, आणि ती तो पिऊन टाकते. सकाळच्या उन्हात भिंग घेऊन जास्वंदीच्या कळीपाशी उभं राहिलं तर हे पाचेक मिनिटांत दिसतं: टिचकी, फुगणारा पारदर्शक थेंब, आणि मुंगीचं तोंड खाली जाताच नाहीसा होणारा थेंब.

माव्याला याच्या बदल्यात दोन गोष्टी मिळतात. एक म्हणजे सफाई. वसाहतीखालची पानं चिकट होत नाहीत आणि त्यावर काळी बुरशी चढत नाही. दुसरी म्हणजे पहारा, आणि माझ्या लेखी महत्त्वाची हीच. माव्याला खाणारे आपल्याकडे कमी नाहीत. नागमोडी काळ्या रेघांचा नारिंगी ढालकिडा आणि त्याची काटेरी अळी, सिरफिड माशीची हिरवट आंधळी अळी, जाळीदार पंखांच्या क्रायसोपाची अळी. शिवाय डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या परोपजीवी माश्या, ज्या माव्याच्या अंगात अंडं घालतात. तो मावा फुगून गवती रंगाचा, कागदासारखा कोरडा होतो. यांतली एकेक ढालकिड्याची अळी मोठी होईपर्यंत शेकडो मावा खाते. मुंगी अळ्यांना चावून खाली टाकते, अंडी उचलून नेते, परोपजीवी माशीला उतरूच देत नाही.

पहारा देणारी मुंगी माव्याला जागचा हलूही देत नाही. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी २००७ साली दाखवलं, की ज्या कागदावरून मुंग्या चालून गेल्या आहेत त्या कागदावर मावा हळू चालतो. मुंगीच्या पायांतून राहणारा रासायनिक माग त्याला संथ करतो. म्हणजे खाद्य एका जागी दाटीने राहतं. आणि प्रथिनं कमी पडली किंवा मावा गरजेपेक्षा जास्त झाला की मुंग्या त्याच माव्यातले काही उचलून खातातही. भागीदारी म्हणावं तर ती अशी आहे.

तळवलीच्या अंगणात दोन जातींच्या मुंग्या होत्या. जास्वंदीवर मोठे काळे मुंगळे, कँपोनोटस, जे आपण लहानपणापासून गुळाच्या डब्यापाशी बघतो. कढीपत्त्यावर अगदी बारीक, डोकं गडद आणि पोट जवळजवळ पारदर्शक असलेली मुंगी, टॅपिनोमा. बोटावर चिरडली तर खवट खोबऱ्यासारखा वास येतो, ओळखायला तेवढा पुरे. हा फरक कामाचा आहे. मुंगळ्याचं वारूळ जमिनीत, एका ठिकाणी. टॅपिनोमा घरातल्या फटीत, कुंडीखाली, चौकटीच्या मागे, अनेक राण्यांसह अनेक ठिकाणी असते आणि बिऱ्हाड सारखं हलवते. मुंबई परिसरातल्या मुंग्यांकडे शास्त्रीय नजरेने बघणं जुनं आहे. मुंबई इलाख्यातले वन अधिकारी रॉटन यांनी १८९२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ‘आपल्या मुंग्या’ अशा अर्थाच्या शीर्षकाखाली दोन भागांत लेख लिहिले होते.

संध्याकाळी विजेरीवर लाल जिलेटिन कागद बांधून आम्ही दोघी खोडापाशी बसलो. लाल उजेड मुंग्यांना जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे त्या बिथरत नाहीत. बघायचं एवढंच: वर जाणारीचं पोट सपाट आहे का, आणि खाली येणारीचं फुगलेलं आहे का. फुगलेल्या मुंगळ्याच्या पोटावरचे काळे पट्टे एकमेकांपासून सुटतात आणि मधली फिकट त्वचा दिसते. टॅपिनोमाचं पोट तर थेंबासारखं चमकतं. खाली येणाऱ्या सगळ्या फुगलेल्या असतील तर वर चिकटा चालू आहे, मावा तुम्हाला अजून दिसला नसला तरी. उलट, मुंग्या वर-खाली दोन्हीकडे सपाट पोटाच्या असतील तर त्या फुलातल्या मधासाठी किंवा नुसत्या हिंडत असतील. झाडाला हात लावायची गरज नाही.

काकींचा समज होता की मुंग्या खोडावरूनच चढतात. त्या चढत होत्याच, पण तीन वाटा आणखी निघाल्या. जास्वंदीची एक फांदी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या ग्रिलला टेकली होती. कपडे वाळत घालायची दोरी कढीपत्त्याच्या फांदीला बांधलेली होती. आणि कुंपणावरचा गोकर्णाचा वेल दोन्ही झाडांत शिरला होता. एक वाट बंद केली तर मुंग्या तासाभरात दुसरी धरतात, म्हणून खोडाला चिकट पट्टा लावण्याआधी छाटणी. झाडाभोवती सगळीकडून वीतभर मोकळी हवा राहिली पाहिजे, वारा सुटल्यावर फांदी हलून भिंतीला लागेल इतकी जवळही नको. दोरी खिळ्याला गेली, गोकर्ण मागे ओढला. जास्वंदीला जमिनीतूनच सात-आठ फुटवे होते. त्यांतले जुने, आत वळलेले काढून चार ठेवले आणि त्यांच्या खालच्या फांद्या जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंत उतरवल्या. कढीपत्त्याचं एक मोठं खोड. त्याच्या बुडातून येणारी पिलं काढली की काम झालं.

पट्टा असा. खोडाचा चार बोटं रुंद भाग ओल्या फडक्याने पुसून कोरडा करायचा. त्यावर कापसाची किंवा जुन्या सुती कापडाची पट्टी घट्ट गुंडाळायची, म्हणजे सालीच्या खाचा भरतात. नाहीतर टॅपिनोमा टेपच्या खालून निघते आणि आपण वर ग्रीस लावत बसतो. कापडावर पॅकिंगची चिकटपट्टी, आणि तिच्यावर मधोमध दोन बोटं रुंद, पोस्टकार्डाइतका जाड थर ग्रीसचा किंवा कीड पकडायला मिळणाऱ्या न सुकणाऱ्या गोंदाचा. ग्रीस थेट सालीला लावायचं नाही. जास्वंदीची साल पातळ असते, तेल मुरून ती काळी पडते आणि पुढे चिरते. व्हॅसलीन चालतं, पण ऑक्टोबरच्या उन्हात ते पातळ होऊन ओघळतं.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात धुळीची कमी नाही. चार-पाच दिवसांत ग्रीसवर साय धरल्यासारखा थर बसतो आणि त्यावरून मुंग्या खुशाल चालतात. मुंगळे तर याहून पुढचे: खडे आणून टाकतात, अडकून मेलेल्या बहिणींच्या अंगावरून पलीकडे जातात. म्हणून पाच-सहा दिवसांनी जुना थर काडीने खरवडून नवा लावायचा. लोकांचा पट्टा फसतो तो बहुधा इथेच, आणि मग ते म्हणतात की पट्ट्याने काही होत नाही.

कुंडीतलं झाड असेल तर कुंडी विटांवर उचलून त्या विटा पाण्याच्या ताटलीत ठेवायची पद्धत आहे. मुंगीला ती अडवते, पण साठलेल्या पाण्यात डेंगीच्या डासाची पैदास आठवडा-दहा दिवसांत होते. साबणाचं पाणी ठेवा आणि दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ओतून ताटली घासून घ्या. हे जमणार नसेल तर कुंडीच्या खोडालाही पट्टाच बरा. हळदीची रेघ, राख, दालचिनीची पूड हे सगळं झाडाला पहिलं पाणी घालेपर्यंत चालतं. मुंग्यांचा खडू हे मात्र विषच आहे आणि खाण्याच्या झाडाच्या खोडावर, मुलांच्या हाताच्या उंचीवर, ते मला नको वाटतं.

पट्टा लागल्यानंतर वरच अडकलेल्या मुंग्या दोन-तीन दिवस माव्याशीच राहतात, मग खाली येऊन पट्ट्याजवळ घुटमळतात. तिसऱ्या दिवसानंतरही वर मुंग्या ताज्यातवान्या दिसत असतील तर एक पूल तुमच्या नजरेतून सुटला आहे, किंवा झाडातच त्यांचं बिऱ्हाड आहे. वाळलेल्या पोकळ काडीत टॅपिनोमाची पिल्लं सापडतात. काकींकडे चौथ्या दिवशी मुंगळे गेले, पण कढीपत्त्यावर बारीक मुंग्या होत्याच. शोधलं तर वरच्या मजल्यावरून आलेली केबलची वायर झाडाच्या शेंड्यातून जात होती.

आता सगळ्यात फसवा टप्पा. मुंग्या गेल्यावर पहिला आठवडाभर झाड आधीपेक्षा वाईट दिसतं. चिकटा न्यायला कोणी नाही, म्हणून तो खालच्या पानांवर सांडतो, पानं चमकायला लागतात, हात लावला तर बोट चिकटतं, काळी बुरशी धरायला लागते. काकींनी मला याच वेळी फोन केला: "आधी बरं होतं गं बाय!" ही खूण आहे की वाट खरोखर तुटली. या दिवसांत फवारायचं नाही, धुवायचं. सकाळी लवकर नळीच्या तोंडावर अंगठा ठेवून पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार झोत, एका हाताने शेंडा मागून आधार देऊन. माव्याची सोंड पानात रुतलेली असते. झोताने तो निघतो तेव्हा बऱ्याचदा ती तुटते, आणि पडलेला मावा पंखांशिवाय परत चढणं अवघडच. एक दिवस आड तीनदा धुतलं की निम्म्याहून जास्त ओझं उतरतं.

तरीही शेंडे गच्च भरलेले असतील तर साबण. लिटरभर पाण्यात एक चहाचा चमचा, म्हणजे पाच मिलिलिटर, साधा द्रव साबण. वाटल्यास तितकंच कडुनिंबाचं तेल आधी साबणात घोटून मग पाण्यात. आधी एकाच फांदीवर मारून दुसऱ्या दिवशी पान करपलं का ते पाहायचं. ऊन उतरल्यावर, पानाच्या खालून, मावा ओला होईल असं फवारायचं. साबण अंगाला लागला तरच मारतो, वाळल्यावर त्याचा काही उपयोग नाही. हीच त्याची कमजोरी आणि हाच गुण: उद्या येणाऱ्या ढालकिड्याला तो काही करत नाही. पाच-सहा दिवसांनी पुन्हा. कढीपत्ता खुडण्याआधी पान धुतलं की पुरे.

फवारण्याआधी मात्र एकेक शेंडा वाचावा लागतो. माव्यात फुगलेले गवती रंगाचे दाणे दिसत असतील तर त्या प्रत्येकातून एक परोपजीवी माशी निघणार आहे; तो शेंडा सोडायचा. पांढऱ्या मेणाचे झुपके अंगावर घेऊन भराभर चालणारं काही दिसलं तर ते पिठ्या ढेकूण नसून बहुधा एका छोट्या ढालकिड्याची अळी असते. पिठ्या ढेकूण इतक्या घाईत नसतो. हिला चिमटीत चिरडणारे मी खूप बघितले. मुंग्या हटल्यावर दुसऱ्या आठवड्यात काकींच्या जास्वंदीवर ढालकिड्याची पिवळी अंडी उभ्या झुपक्यात दिसली. तीन-चार दिवसांत ती फुटली, आणि त्यानंतर शेंड्यावर माव्याऐवजी त्याच्या पांढऱ्या रिकाम्या कातीच उरत गेल्या. या आधी ती अंडी तिथे घातली जात नव्हती असं नाही. ती टिकत नव्हती.

राहिला प्रश्न मुंग्या मारायचा. माझं मत, जमिनीतल्या मुंगळ्याला मारायचं कारण नाही. तो अंगणातले मेलेले किडे उचलतो, आणि पट्टा असेपर्यंत आपल्या झाडाशी त्याचा संबंध नाही. लाल ओंबील असेल तर मी आणखी हात आखडते. ती मावा आणि खवले किडे पाळते हे खरं, पण कढीपत्त्याची पानं फस्त करणाऱ्या फुलपाखरांच्या अळ्याही तीच उचलते. चीनमध्ये लिंबूवर्गीय झाडांवर किडींच्या बंदोबस्तासाठी हीच मुंगी सोडत, याचा उल्लेख इ.स. ३०४ च्या सुमाराच्या लेखनात आहे.

घरात घुसलेल्या टॅपिनोमासाठी आमिष वापरावं लागतं, आणि तिथे लोक उलटी चूक करतात, औषध जास्त घालतात. खाताक्षणी मेली तर मुंगी ते घरी नेणार कशी? अमेरिकेतल्या प्रयोगांत सुमारे १ टक्का बोरिक आम्ल आणि १० टक्के साखर हे प्रमाण ठरलं. आपल्या मापाने: १०० मिलिलिटर कोमट पाणी, अडीच सपाट चहाचे चमचे साखर, १ ग्रॅम बोरिक पावडर, म्हणजे सपाट पाव चमचा. कॅरमची पावडर वापरू का, असं हमखास विचारतात. काही कॅरम पावडरी बोरिकच्या असतात, काही नसतात. औषधाच्या दुकानातून ‘बोरिक ॲसिड’ लिहिलेलं पाकीट घ्यावं. कापसाचा बोळा त्यात भिजवून बाटलीच्या झाकणात, आणि झाकण एका प्लास्टिकच्या डब्यात. डब्याला मुंगीपुरती बारीक भोकं, म्हणजे मधमाशी आणि मांजर दोन्ही बाहेर राहतात. डबा त्यांच्या रांगेलगत, मुलांचा हात पोचणार नाही असा. दोन-तीन दिवसांनी ताजं पाणी. आमिषापाशीच मेलेल्या मुंग्यांचा सडा दिसला तर प्रमाण जास्त झालं आहे. रांग दाटून मग दोन-तीन आठवड्यांत विरळ झाली तर बरोबर. उरलेलं पाणी कुंडीत ओतायचं नाही, बोरॉनने पानांच्या कडा जळतात.

यातही क्रम आहे. झाडावर चिकटा वाहत असताना ठेवलेल्या साखरपाण्याकडे मुंग्या ढुंकून बघत नाहीत. आधी पट्टा आणि धुलाई, मग आमिष. वर काही मिळेनासं झालं की त्या आपोआप डब्याकडे वळतात. काकींच्या चौकटीमागची रांग अशीच ओसरली.

पंखवाला मावा मात्र वाऱ्याबरोबर शेजारच्या गच्चीवरूनही येणार, आणि मुंगीशिवायही थोडाफार वाढणार. त्याला आपण बोलावणं पाठवू नये इतकंच. युरिया किंवा नत्र जास्त असलेलं खत टाकलं की फूट लुसलुशीत येते आणि मावा तिथे आधी बसतो. काकी दर महिन्याला मूठभर युरिया टाकत होत्या. आता त्याऐवजी पावसाच्या सुरुवातीला आणि पाऊस संपल्यावर शेणखत घालतात. शेंड्यावर दहा-वीस मावा दिसला आणि खोडावर मुंगी नसेल तर त्या तो बोटाने पुसतात किंवा तसाच सोडतात.

पट्टे मार्चअखेर किंवा फार तर एप्रिलमध्ये काढायचे. जूनपर्यंत ठेवले तर कापडात पावसाची ओल साठून त्याखालची साल कुजते, आणि खोड जाड होत गेल्याने टेप त्यात रुतते. पुढचे पट्टे पुन्हा ऑक्टोबरात, मागच्या जागेच्या चार बोटं वर किंवा खाली.